मूत्रपिंड बिघडले की रक्त का कमी होते?

डायलिसिसवरच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन अनेकदा ८-९ वर येते. आजार मूत्रपिंडाचा, मग रक्त का घटते?

सगळ्या रक्तपेशी अस्थिमज्जेतल्या मूळपेशींपासून तयार होतात. कोणत्या पेशी किती वाढवायच्या, हे मुख्यतः वाढघटक ठरवतात. यकृतातले थ्रोम्बोपोएटिन प्लेटलेट वाढवते, जी-सीएसएफ जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी वाढवते, तर लाल पेशींची सूत्रे एरिथ्रोपोएटिनकडे असतात. हे प्रामुख्याने मूत्रपिंडात तयार होते. रक्तातला प्राणवायू कमी झाला की ते जास्त स्रवते आणि मज्जेतल्या कोवळ्या लाल पेशींना मरण्यापासून वाचवते. त्या पेशी हिमोग्लोबिन भरून घेतात, केंद्रक बाहेर टाकतात आणि रेटिक्युलोसाइट बनून रक्तात उतरतात. दिवसाभरात त्या पूर्ण पक्व होतात आणि सुमारे १२० दिवस जगतात.

मूत्रपिंड निकामी झाले की हा संदेशच क्षीण होतो. म्हणून एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन देतात. आठवड्या-दीड आठवड्यात रेटिक्युलोसाइट वाढले, तर मज्जेने प्रतिसाद दिला असे समजावे. वाढले नाहीत, तर आधी शरीरातले लोह तपासतात. लोहाशिवाय हिमोग्लोबिन बनत नाही. मात्र हिमोग्लोबिन १३ च्या वर नेण्याचा हट्ट धरू नये, त्याने पक्षाघाताचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो.