चारचा पीई, तरीही महाग

पोलादाचा शेअर पीई बघून घेणारा माणूस नेमका चुकीच्या वेळी बाजारात उतरतो. हे थोडं विचित्र वाटेल, कारण पीई म्हणजे शेअर स्वस्त की महाग हे सांगणारा आकडा, अशीच त्याची ओळख आहे.

हिशेब साधा आहे. कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा एकूण शेअरांमध्ये वाटला की प्रत्येक शेअरमागची कमाई निघते. बाजारभावाला तिने भागलं की झाला पीई. भाव २०० रुपये आणि कमाई १० रुपये असेल तर पीई २०. म्हणजे आजच्या एक रुपया नफ्यासाठी लोक २० रुपये मोजायला तयार आहेत. नफा झपाट्याने वाढेल असं वाटत असेल तर लोक जास्त मोजतात, तो टिकण्याची खात्री नसेल तर कमी. एकाच धंद्यातल्या, सारख्या तब्येतीच्या दोन कंपन्यांची तुलना करायला हा आकडा खरोखर उपयोगी पडतो.

गडबड होते ती भागाकारात खाली बसलेल्या कमाईमुळे. भाव आजचा असतो, तर कमाई सहसा सरलेल्या बारा महिन्यांची. ते बारा महिने नेहमीसारखे नसतील तर उत्तर गणिताने बरोबर आणि अर्थाने चूक येतं.

टाटा स्टीलचंच बघा. कोविडनंतर जगभर पोलादाचे भाव भडकले आणि २०२१-२२ मध्ये कंपनीला सुमारे ४१,७०० कोटी रुपयांचा विक्रमी नफा झाला. शेअरमागे कमाई जवळपास ३३० रुपये. मार्च २०२२ अखेर भाव होता १,३०० च्या आसपास, म्हणजे पीई जेमतेम चार. एवढी मोठी कंपनी, टाटांचं नाव आणि चारचा पीई! फुकटच मिळतेय, असं कुणालाही वाटावं.

पण त्या नफ्यामागे पोलादाचा चढा भाव होता, आणि तो कायम राहत नसतो. मे महिन्यात केंद्र सरकारने पोलादाच्या निर्यातीवर कर लावला, तिकडे कोळसा महागला होता. जूनमध्ये शेअर ९०० च्या खाली गेला. जुलैमध्ये एका शेअरचे दहा झाले. त्या हिशेबाने मार्चचे १,३०० म्हणजे १३० रुपये. पुढच्या मार्चला भाव साधारण १०५ होता. वर्षाचा नफा ८,००० कोटींवर घसरल्याने पीई मात्र १५ च्या घरात गेला. शेअर उतरला आणि पीईच्या भाषेत महागही झाला.

गंमत त्याच्या पुढे आहे. २०२३-२४ मध्ये कंपनीला सुमारे ४,९०० कोटींचा तोटा झाला. त्यात ब्रिटनमधल्या कारखान्याच्या फेररचनेचा मोठा वाटा होता. तोटा असला की पीई निघतच नाही. तरीही मार्च २०२४ ला भाव १५५ च्या आसपास पोचला होता. चारच्या पीईला घेणाऱ्याने पहिल्या वर्षी सुमारे पाचवा हिस्सा गमावला, आणि पंधराच्या ‘महाग’ पीईला घेणाऱ्याचे पैसे वर्षात जवळपास दीडपट झाले.

पोलाद, साखर, सिमेंट, रसायनं अशा चढउताराच्या धंद्यांत हे वरचेवर घडतं. नफा शिखरावर असतो तेव्हा पीई सर्वांत कमी दिसतो, कारण हा नफा टिकणार नाही हे बाजाराने भावात आधीच धरलेलं असतं. म्हणून इथे एका वर्षाऐवजी काही वर्षांची सरासरी कमाई धरावी. टाटा स्टीलचा आधीच्या दोन वर्षांचा नफा सुमारे १,२०० आणि ८,२०० कोटी होता. तिन्ही वर्षांची सरासरी येते १७,००० कोटी, आणि मार्च २०२२ चा पीई चारऐवजी नऊच्या वर जातो. पाचसहा वर्षं घेतली तर आणखी बरं.

दुसरा चकवा धंद्यातून येत नाही, ताळेबंदातून येतो. २०२५ च्या जानेवारीत आयटीसीने आपला हॉटेलांचा व्यवसाय वेगळा काढला. त्यापोटी हिशेबाच्या नियमांप्रमाणे सुमारे १५,००० कोटी रुपये नफ्यात जमा दाखवावे लागले. शेअरमागची वर्षाची कमाई त्यामुळे २८ रुपयांच्या आसपास गेली, आणि ४२० रुपयांच्या भावाला पीई १५ दिसू लागला. पण त्यातले १२ रुपये सिगारेट, आटा किंवा बिस्किटं विकून आलेले नव्हते. ते वजा केले की कमाई १६ रुपये आणि पीई २६. नफा-तोटा पत्रकात ‘अपवादात्मक बाबी’ अशी एक वेगळी ओळ असते, आणि वेगळ्या काढलेल्या व्यवसायाचा हिशेब सहसा त्याच्याही खाली दिलेला असतो. शेअर दाखवणारी बरीच ॲप हे न वगळता शेवटच्या नफ्यावरूनच पीई काढतात, त्यामुळे असा शेअर वर्षभर स्वस्त दिसत राहतो. बारा महिने सरून ती रक्कम हिशेबातून गळाली की भाव जागचा न हलताही पीई एकदम वर उडी मारतो.