घर सुलभाताईंचं, मग ताबा कुणाचा?

डोंबिवलीतला एक टू बीएचके फ्लॅट उदाहरणादाखल घेऊ. नोंदणीकृत खरेदीखत आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, दोन्ही सुलभाताईंच्या नावावर आहेत. त्या २००९ मध्ये मुलाकडे नागपूरला गेल्या आणि फ्लॅटची किल्ली त्यांनी भाच्याला, समीरला दिली. समीर तिथे १३ वर्षं राहिला. भाडं दिलं नाही, पण मेंटेनन्स आणि लाइटबिल तोच भरत होता. त्यानंतर १ एप्रिल २०२३ पासून २४ महिन्यांसाठी एक कुटुंब लीव्ह अँड लायसन्स करारावर राहायला आलं.

या सगळ्या काळात मालकी एकाच व्यक्तीची होती, ताबा मात्र हातोहात फिरला. या दोन गोष्टींची गल्लत झाली की घरोघरी तेच गैरसमज ऐकू येतात.

गैरसमज: बारा वर्षं राहिलं की घर राहणाऱ्याचं होतं.

वस्तुस्थिती: १९६३ च्या मुदत कायद्यात १२ वर्षांची मुदत आहे, हे खरं. पण ती मोजायची ती ताबा मालकाच्या हक्काविरुद्ध झाला त्या दिवसापासून. यालाच प्रतिकूल ताबा म्हणतात. राहणाऱ्याने उघडपणे, सलग आणि मालकाचा हक्क नाकारून घर ताब्यात ठेवलेलं असावं लागतं. परवानगीने राहणारा माणूस मालकाचा हक्क मान्य करूनच आत आलेला असतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत हे मोजमाप सुरूच होत नाही. समीर तेरा काय, तीस वर्षं राहिला असता तरी नुसत्या राहण्याने फ्लॅट त्याचा झाला नसता. लाइटबिलावर किंवा आधार कार्डावर तिथला पत्ता असल्याने तो तिथे राहत होता एवढंच दिसतं.

गोव्यातल्या एका बहीण-भावाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हेच स्पष्ट केलं. मालकाच्या वतीने किंवा त्याच्या मेहरबानीने राहणारा नातेवाईक, राखणदार किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्याला त्या मालमत्तेत हक्क मिळत नाही.

धोका वेगळ्या ठिकाणी असतो. समजा, समीरने २०१५ मध्ये “हे घर आता माझंच आहे” असं लेखी कळवलं असतं आणि सुलभाताई नात्याच्या भिडेने गप्प बसल्या असत्या, तर त्या पत्रापासून १२ वर्षं मोजण्याचा दावा तो करू शकला असता. म्हणून असं पत्र हातात पडलं की वकील गाठायचा. नुसतं उत्तर पाठवून मुदत थांबत नाही, ताब्यासाठी मुदतीत दावा दाखल करावा लागतो.

गैरसमज: भाडेकरू म्हणा की लायसन्सवर राहणारा म्हणा, एकच.

वस्तुस्थिती: दोघंही महिन्याला पैसे देतात, म्हणून ते सारखे दिसतात. पण भाडेकरूला त्या जागेतच हक्क मिळतो. चाळीत किंवा पागडीच्या घरात पिढ्यान् पिढ्या राहणारी कुटुंबं आपण पाहतो, ती याच हक्कावर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार असा भाडेकरू ठरलेलं भाडं देत असेल, तर कायद्यात सांगितलेल्या कारणांशिवाय त्याला काढता येत नाही. त्याच्या मृत्यूनंतर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपण जाऊ शकतं.

लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला मिळते ती फक्त ठरलेल्या मुदतीपुरती वापराची परवानगी. मुदत संपली की परवानगी संपली.

तरीही लायसन्सवाला भाडेकरू ठरेल ही भीती मालकांच्या मनात आहे, ती जुन्या अनुभवातून. १९७३ मध्ये तेव्हाचा मुंबई भाडे कायदा बदलला आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला चालू लायसन्सवर जे राहत होते, ते कायद्याने भाडेकरू ठरले. पण ती तरतूद त्या तारखेशी बांधलेली होती. आज नव्याने केलेल्या नोंदणीकृत लायसन्सला ती लागू होत नाही.

गैरसमज: अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही.

वस्तुस्थिती: १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांची रीत पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ मुदत पाहत नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं ठरवायचा भार मालकावर येतो.

ही सगळी जोखीम किती रुपये वाचवायला घेतली जाते? सुलभाताईंचा करार दरमहा १८,००० रुपये आणि परत करायची अनामत एक लाख, असा होता. २४ महिन्यांचे ४,३२,००० रुपये, त्यात अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज २०,००० रुपये, एकूण ४,५२,०००. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे १,१३० रुपये. शहरी भागातली नोंदणी फी १,००० रुपये वेगळी.

गैरसमज: मुदत संपली की मालक कुलूप बदलू शकतो.

वस्तुस्थिती: इथे मालकांची सर्वांत मोठी चूक होते. मालकी आपली असली, तरी ताबा समोरच्याकडे असतो, आणि कायदा ताब्यालाही स्वतंत्र संरक्षण देतो. परवानगी संपल्यावरही घरात स्थिरावलेल्या माणसाला मालकाने बळजबरीने बाहेर काढू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये लायसन्सच्याच प्रकरणात सांगितलं. असं बाहेर काढल्या गेलेल्याला विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा करून ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात घराची मालकी कुणाची हा प्रश्नच नसतो.

सुलभाताईंच्या फ्लॅटमधलं कुटुंब ३१ मार्च २०२५ नंतरही हललं नाही. सुलभाताईंनी कुलपाला हात लावला नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत राहणाऱ्याला बचावाची परवानगी मागावी लागते, नाहीतर मालकाचं म्हणणं मान्य समजलं जातं. लेखी करारात नमूद केलेल्या बाबींसाठी करारच निर्णायक पुरावा ठरतो. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत नुकसानभरपाई लायसन्स फीच्या दुपटीने मिळते. कुटुंबाने ३० सप्टेंबरला घर सोडलं असेल, तर सहा महिन्यांचे दरमहा ३६,००० या हिशेबाने २,१६,००० रुपये होतात.

किल्ल्या परत घेताना सुलभाताईंनी एक साधा कागद करून घेतला: तारीख, किल्ल्यांची संख्या, मीटरचं रीडिंग आणि दोघांच्या सह्या. समीरकडून २०२२ मध्ये घर परत घेताना त्यांनी असा कागद केला नव्हता. तो ताबा कधी सुटला, हे सांगायला आज नात्यातल्या माणसांच्या आठवणीखेरीज काही नाही. घर विकत घेताना मालकीचे कागद आपण जपून ठेवतो. ताबा मात्र प्रत्येक वेळी हात बदलतो, म्हणून त्याचा कागदही प्रत्येक वेळी करावा लागतो.