ड्रमवरचा पाचवा थर

मासेमारी नौका पाण्यातून वर ओढणारा विंच तसा साधा असतो. एक आडवा पोलादी ड्रम, त्याच्या दोन्ही टोकांना उंच फ्लँज, एका बाजूला गिअरबॉक्स आणि मोटर, आणि ड्रमवर गुंडाळलेला वायररोप. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी मासेमारी बंदी असते. तिच्या आधी नौका वर ओढून शाकारायच्या असतात, आणि त्या दिवसांत स्लिपवेवरच्या विंचला उसंत मिळत नाही. या यंत्राच्या पाटीवर ‘2 टन’ असे लिहिलेले असते. तो आकडा खोटा नसतो, पण बहुतेक वेळा तो ड्रमवरच्या पहिल्या थरापुरताच खरा असतो. पाटी वाचणाऱ्याच्या हे सहसा लक्षात येत नाही.

ड्रम रिकामा असतो तेव्हा दोर त्याच्या पृष्ठभागालगत बसतो. पहिला थर भरला की दुसरा त्याच्यावर चढतो, मग तिसरा. दर थरागणिक दोर ड्रमच्या मध्यापासून थोडा दूर जातो. दोरावरचा ताण तोच राहिला तरी मध्यापासूनचे अंतर वाढल्यामुळे ड्रम फिरवायला लागणारा जोर, म्हणजे टॉर्क, त्याच प्रमाणात वाढतो. ड्रमचे फेरे मात्र मिनिटाला तितकेच राहतात. त्यामुळे एका फेऱ्यात जास्त दोर गुंडाळला जातो आणि ओढण्याचा वेगही वाढतो. जोर आणि वेग दोन्ही एकदम वाढतात, आणि मोटरची निवड चुकते ती बहुधा इथेच.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहता येईल. ड्रमचा व्यास 240 मिलिमीटर, दोर 12 मिलिमीटरचा, आणि दोन फ्लँजमध्ये एका थरात 30 वेढे मावतील एवढी जागा, असे धरू. पहिल्या थरात दोराचा मध्य ड्रमच्या मध्यापासून 126 मिलिमीटरवर येतो: 120 ड्रमचे आणि 6 अर्ध्या दोराचे. वरच्या थराचा दोर खालच्या दोन वेढ्यांमधल्या खाचेत बसतो, म्हणून प्रत्येक थर पूर्ण 12 नव्हे, तर साधारण 10.4 मिलिमीटरने वर येतो. पाचव्या थराला हे अंतर 167.6 मिलिमीटर होते. पहिल्या थरात जेमतेम 24 मीटर दोर मावतो, पाचही थर मिळून सुमारे 138 मीटर. त्यातले शेवटचे तीन वेढे कधीच उलगडायचे नसतात, कारण दोराचे टोक पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पवरचा ताण त्यांच्या घर्षणामुळे कमी होतो.

167.6 ला 126 ने भागले की 1.33 येतात. या विंचचा सगळा हिशेब या एका आकड्यात आहे. 2 टन, म्हणजे 20 किलोन्यूटन, ओढायला पहिल्या थरावर 2,520 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, तर पाचव्यावर 3,350. ड्रम मिनिटाला 19 फेरे घेत असेल तर पहिल्या थरावर दोर मिनिटाला 15 मीटर वेगाने येतो आणि पाचव्यावर 20 मीटरने. उलट बाजूने पाहिले, तर पहिल्या थरावर नेमके 2 टन ओढेल एवढीच मोटर बसवली असेल तर पाचव्या थरावर ती दीडच टन ओढू शकते.

आता प्रश्न असा की खरा भार कोणत्या थरावर येतो. खोल खाणीत किंवा विहिरीत माल उतरवणाऱ्या विंचचे सोपे असते. माल तळाशी असतो तेव्हा दोर बहुतेक उलगडलेला असतो, आणि दोराचे स्वतःचे वजनही तेव्हाच सर्वात जास्त असते. ताण मोठा तेव्हा त्रिज्या लहान, ही जोडी मोटरच्या फायद्याची आहे.

स्लिपवेवर नेमके उलटे घडते. पाळण्यासह 25 टनांची नौका आणि 20 मीटरला 1 मीटर असा चढ घेऊ. नौका पाण्यातच पाळण्यावर बसते. तेव्हा तिचे वजन पाणी पेलत असते आणि विंच जवळपास रिकामा पाळणाच ओढत असतो. दोर मात्र सगळा बाहेर असतो, म्हणजे ड्रमवर पहिला थर. पाळणा वर सरकतो तशी नौका पाण्याबाहेर येते आणि वजन रुळांवर येऊ लागते. या चढावर तळ आणि पाळणा पूर्ण बाहेर यायला 40 मीटर सहज लागतात, आणि तोवर दुसरा थर संपत आलेला असतो. त्यानंतर चढामुळे 1.25 टन आणि चाकांच्या घर्षणाचे, 3 टक्के धरून, पाऊण टन, असा 2 टनांचा पूर्ण ताण येतो आणि शेवटपर्यंत टिकतो. म्हणजे ज्या पहिल्या थरासाठी पाटीवर 2 टन लिहिले, त्या थरावर हा विंच 2 टन कधी ओढतच नाही. ओढतो तो तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या थरावर.

मोटर याच थरांसाठी निवडावी लागते. गिअरबॉक्स आणि बेअरिंग मिळून 15 टक्के शक्ती खातात असे धरले, तर पहिल्या थरावर 2 टनांना 5.9 किलोवॉट लागतील आणि पाचव्यावर 7.85. बाजारात 7.5 किलोवॉटची, म्हणजे 10 एचपीची मोटर सर्रास मिळते. चार पोलची अशी मोटर 1,440 फेऱ्यांना सुमारे 50 न्यूटन-मीटर देते. 76 ला 1 या गिअरने पाचव्या थरावर तिच्याकडे 52 मागितले जातात, म्हणजे 4 टक्के जादा. पॅनेलवर अँपिअरमीटर असेल तर तो चक्क थर मोजून दाखवतो. नौका पाण्याबाहेर आल्यावर भार बदलत नाही, तरी तिसऱ्या थरावर साडेतेराच्या आसपास असलेला काटा दर दीड मिनिटाने, नवा थर सुरू होताच, एक लहानशी उडी घेत पंधराकडे सरकतो. काटा थरासोबत पायरीने चढत असेल तर यंत्र ठीक आहे. मध्येच धक्के देत वरखाली होत असेल तर दोर एकसारखा बसत नाही.

4 टक्के जादा भार, तोही दीड मिनिटापुरता, मोटरला सहज सोसतो. त्यासाठी लगेच 15 एचपीची मोटर मागवायचे कारण नाही. घात होतो तो वेगळ्याच दोन गोष्टींनी.

पहिली गोष्ट म्हणजे मध्येच थांबून पुन्हा सुरू करणे. नौका अर्ध्या चढावर असताना रुळावर दगड दिसतो, विंच थांबवावा लागतो. 7.5 किलोवॉटच्या मोटरला बहुधा स्टार-डेल्टा स्टार्टर असतो. सरळ लाइनवर ही मोटर सुरुवातीला आपल्या नेहमीच्या टॉर्कच्या दुपटीहून थोडा जास्त जोर देते, समजा 110 न्यूटन-मीटर. स्टारमध्ये त्याचा तिसरा हिस्सा उरतो, म्हणजे सदतीसच्या आसपास. वरच्या थरावर पन्नास लागतात, आणि थांबलेली चाके हलवायला त्याहून जास्त. मोटर नुसती गुणगुणते, हलत नाही. 15 एचपीची मोटर बसवली तरी स्टारमध्ये ती जेमतेम 53 देते, तेव्हा मोठी मोटर हे यावरचे उत्तर नव्हे. शिवाय हा दोष चाचणीत सापडत नाही, कारण चाचणी पाण्यातून, पहिल्या थरावर, हलक्या भाराने सुरू होते आणि छान पार पडते. चाचणी नौका पूर्ण वर आल्यावर थांबवून आणि पुन्हा ओढूनच घ्यायला हवी.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. लांब फीडरच्या टोकाला 415 ऐवजी 360 व्होल्ट येत असतील तर सुरुवातीचा जोर पाऊणपटीवर येतो. चौथ्या-पाचव्या थरावर अडणारा विंच पुष्कळदा संध्याकाळीच अडतो, त्याचे कारण हेच असते.

यावर सर्वात स्वस्त उपाय मोटरमध्ये नाही, गिअरमध्ये आहे. 76 ऐवजी 101 ला 1 असा गिअर घेतला तर पाचव्या थरावर मोटरकडे 52 ऐवजी 39 न्यूटन-मीटर मागितले जातात, आणि सरळ लाइनवर सुरू होणाऱ्या 10 एचपीला चांगला अवकाश राहतो; स्टारमधले सदतीस मात्र तेव्हाही अपुरेच पडतात. ड्रम मिनिटाला सव्वाचौदा फेरे घेतो. भरलेल्या ड्रमचे 150 फेरे व्हायला 8 मिनिटांऐवजी साडेदहा लागतात. एका नौकेमागे ही अडीच मिनिटे कोणालाच जड जाऊ नयेत. वरच्या थरावर वाढलेला वेग इथे तसाही नकोसाच असतो, कारण शेवटच्या टप्प्यात नौका धक्क्याजवळ येते आणि माणसे पाचर मारायला पुढे सरसावतात.

खर्चाची तयारी असेल तर याच मोटर-गिअरला व्हीएफडी जोडावा. वरच्या थरावर 50 हर्ट्झ आणि पहिल्या थरावर 66 हर्ट्झ दिले की दोराचा वेग पाचही थरांवर मिनिटाला 15 मीटर राहतो. 50 हर्ट्झच्या वर गेल्यावर मोटरचा टॉर्क घटतो हे खरे, पण तो ज्या प्रमाणात घटतो त्याच प्रमाणात खालच्या थरावर टॉर्क कमी लागतो. शक्ती सर्व थरांवर 5.9 किलोवॉटच राहते. थरांची गरज आणि मोटरचा स्वभाव इतके जुळणे यंत्रशास्त्रात क्वचित पाहायला मिळते. व्हीएफडीचा खरा फायदा मात्र वेगाचा नाही. चांगला व्हीएफडी जवळपास शून्य फेऱ्यांनाही पूर्ण टॉर्क देतो, त्यामुळे अर्ध्या चढावर थांबलेली नौका झटका न देता हलते.

हा सगळा हिशेब दोर नीट थरांत बसतो असे धरून केलेला आहे. साध्या, बिनखाचेच्या ड्रमवर दोर मध्यरेषेपासून दीड अंशापेक्षा जास्त तिरपा येऊ नये. 360 मिलिमीटर रुंदीच्या या ड्रमसमोर पहिली पुली निदान 7 मीटरवर हवी. जागा नाही म्हणून ती 3 मीटरवर लावली तर वेढे सलग बसत नाहीत, एका जागी ढीग होतो आणि पाच थरांच्या जागी सात चढतात. सातव्या थराची त्रिज्या 188 मिलिमीटर, म्हणजे पहिल्याच्या दीडपट. मोटर पाच थरांसाठी निवडलेली, आणि फ्लँजही तेवढ्यासाठीच. पाचव्या थरावर दोराचा बाहेरचा व्यास 347 मिलिमीटर होतो आणि फ्लँज त्याच्या वर निदान दोन दोरांएवढा हवा, म्हणून तो 400 मिलिमीटरचा करतात. ढीग त्याच्या काठाला पोहोचला की दोर बाहेर उतरण्याची भीती असते.

खालचे थर सैल बसणेही तितकेच वाईट, आणि स्लिपवेवर ते ओघानेच घडते, कारण खालचे थर हलक्या ताणाने आणि वरचे पूर्ण ताणाने गुंडाळले जातात. ताणलेला दोर सैल वेढ्यांच्या फटीत रुततो. त्रिज्या क्षणात घटते आणि पाळण्याला हिसका बसतो. अशा दोरावर चपट्या झालेल्या तारा आणि थोड्या-थोड्या अंतराने दबलेल्या खुणा दिसतात. यासाठी हंगामाच्या सुरुवातीला सगळा दोर उलगडून, मागे भार ठेवून, तो पुन्हा घट्ट गुंडाळून घेतात.

ब्रेकलाही हाच नियम. तो ड्रमच्या पाचव्या थराच्या 3,350 न्यूटन-मीटरवर, वर दीडपट राखून, निवडायचा असतो. चाकांचे घर्षण इथे मदतीला धरायचे नाही, कारण ताज्या ग्रीसने ते उरत नाही. पाण्याजवळ पाळणा पक्का थांबतो पण वर आल्यावर हातभर मागे सरकतो, अशी तक्रार आली तर आधी ब्रेकचे लायनर पाहावेत, आणि ते ठीक असतील तर ब्रेक कोणत्या थराच्या हिशेबाने घेतला होता ते तपासावे.

विंच मागवताना म्हणूनच पाटीवरच्या टनांऐवजी चार गोष्टी लिहून द्याव्या लागतात: सर्वात वरच्या थरावरचा ताण, त्या थरावरचा वेग, एकूण दोराची लांबी, आणि पूर्ण भाराने अर्ध्या वाटेत सुरू करावे लागेल ही अट. ड्रमचा व्यास, थरांची संख्या, गिअर आणि मोटर त्यांच्यावरून ठरतात.