‘आई, ही मी नाहीये!’

पान नंबर सात. लॅपटॉपच्या स्क्रीनवर पिवळा रेनकोट घातलेली एक गोडुली मुलगी रिक्षाच्या सीटखाली वाकून छत्री शोधतेय. जिच्यासाठी हा सगळा उद्योग चाललाय ती खरीखुरी मुलगी शेजारी उभी राहून बिस्किट खातेय.

‘आई, ही कोण?’

‘अगं, तूच की!’

लेकीने बिस्किट बाजूला ठेवलं, स्क्रीनला नाक लावून नीट बघितलं आणि निकाल दिला, ‘ही मी नाहीये. ही गोरी आहे.’

माझी ही मैत्रीण पुण्यात, बाणेरच्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगची टीम सांभाळते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, त्याचाच पगार. लेकीच्या सहाव्या वाढदिवसाला तिच्यासारखीच दिसणारी हिरॉइन असलेलं २४ पानांचं चित्रांचं पुस्तक द्यायचं, असं तिच्या डोक्यात आलं. गोष्ट स्वतः लिहिली. पावसाळ्यात छत्री हरवते आणि आपली हिरॉइन ती गल्लीभर शोधत फिरते. चित्रकला मात्र शाळेतल्या डोंगर-सूर्य-झोपडीपलीकडे गेलेली नाही. म्हणून चित्रं एआयकडून काढून घ्यायची. ‘दोन वीकएन्डचं काम,’ असं ती मला म्हणाली होती. पुढे अडीच महिने आमची प्रत्येक कॉफी या विषयावर संपली!

तुम्हाला वाटेल, यात काय एवढं? सप्टेंबर २०२५ मध्ये अख्ख्या देशाने रेट्रो साडीतले फोटो बनवून घेतलेच ना! हो, पण तो एक फोटो होता. लाइक्स मिळाले, विषय संपला. इथे हिरॉइन १९ पानांवर आहे. कुठे धावतेय, कुठे रडतेय, कुठे पाठमोरी उभी आहे. आणि प्रत्येक पानावर ती तीच वाटायला हवी. खरा लोच्या तिथेच आहे.

पहिल्या वीकएन्डला तिने नुसतं वर्णन टाइप केलं आणि बारा चित्रं काढली. बारा चित्रांत बारा वेगळ्या मुली आल्या. कारण साधं आहे. चित्र काढणारं मॉडेल दरवेळी टीव्हीवरच्या मुंग्यांसारख्या विस्कटलेल्या ठिपक्यांपासून सुरुवात करतं आणि तुमचे शब्द वाचत वाचत त्यातून चित्र साफ करत आणतं. मागच्या पानावर कोण होतं, हे त्याच्या गावीही नसतं. ‘कुरळ्या केसांची सहा वर्षांची मुलगी’ या शब्दांत हजारो मुली बसतात. त्यातली कुठलीही एक येते. सुरुवातीचे ठिपके ठरवणारा ‘सीड’ नावाचा एक आकडा असतो. तो कायम ठेवला की काम होईल, असं तिला कुणीतरी सांगितलं. पण त्याचा उपयोग शब्दही तेच असतील तरच. ‘रिक्षात’च्या जागी ‘झाडाखाली’ लिहिलं की मुलगी पुन्हा बदलली.

मग तिने लेकीचा फोटो दिला. चेहरा जवळपास जमला, पण फोटोतली बाकीची वरातही सोबत आली. वाढदिवसाचा फ्रॉक आला, फ्लॅशचा उजेड आला आणि कॅमेऱ्याकडे बघून केलेलं ते ‘चीऽऽज’ हसूही आलं. छत्री हरवल्याच्या प्रसंगात बाईसाहेब लग्नाच्या रिसेप्शनमध्ये उभ्या असल्यासारख्या हसतायत!

इथे तिच्यातली टेस्टर जागी झाली. एका रविवारी ती आणि नवरा कागद घेऊन बसले. प्रश्न एकच होता : चेहऱ्याचा कुठलाही फोटो न दाखवता आजी नातीला कशावरून ओळखेल? यादीत चारच गोष्टी उरल्या. गडद सावळा रंग, उभे राहणारे कुरळे केस आणि त्यांच्या दोन आखूड पोनी, समोरच्या दातांतली फट आणि उजव्या भुवईतली खूण. ती टीपॉयची देणगी. यातली चौथी गोष्ट लवकरच बाद झाली. मॉडेलला डावं-उजवं नीट समजत नाही. खूण कधी डाव्या भुवईत जायची, कधी गायबच व्हायची. लेक थोडी रुसली, पण मानली. कपड्यांतही हेच धोरण ठेवलं. ठिपक्यांचा लाडका रेनकोट रद्द आणि त्याजागी साधा पिवळा. कारण ठिपके कुणी मोजून काढत नाही. एका पानावर वीस येतात, पुढच्यावर पस्तीस.

मग जे वर्णन ठरलं ते असं, आणि १९ पानांवर शब्दन् शब्द हेच :

```
six-year-old Indian girl, deep brown skin,
short curly hair in two high ponytails,
small gap between front teeth,
plain yellow raincoat, red gumboots
```

प्रसंग त्याच्या पुढे लिहायचा. वरच्या ओळींना हात लावायचा नाही. ‘क्यूट’ या शब्दावर तर तिने बंदीच घातली. तो आला की डोळे बशीएवढे होतात, हनुवटी टोकदार होते आणि रंग उजळतो. मॉडेल ज्या ढीगभर चित्रांवर शिकलंय, त्यात ‘क्यूट’ मुलगी बहुतेक वेळा तशीच असते. तुम्ही सोडलेली प्रत्येक मोकळी जागा ते त्या सवयीनेच भरणार.

पण शब्दांनी अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं करते कॅरेक्टर शीट. अ‍ॅनिमेशन स्टुडिओत हा प्रकार फार जुना आहे. एकाच पात्राला शेकडो हात काढत असतात, म्हणून सगळ्यांसमोर एक पक्का नमुना टांगलेला असतो. मैत्रिणीने फोटोवरून एकच चित्र बनवलं, लेकीकडून पास करून घेतलं आणि मग त्याच चित्रावरून बाकीची काढून घेतली. समोरून, जरा वळलेली, बाजूने आणि पाठमोरी. शिवाय हसताना, रडताना, घाबरलेली आणि चिडलेली. सगळीकडे मागे कोरा करडा रंग, म्हणजे शीटमधून चेहऱ्याखेरीज काही पानावर सांडायला नको. एवढ्यावर तीन वीकएन्ड गेले. पण त्यानंतर लेकीचा फोटो पुन्हा कुठे अपलोड करावा लागला नाही, याचाही तिला दिलासा वाटला.

आता संदर्भचित्र देण्याची सोय बऱ्याच टूल्समध्ये आहे. मिडजर्नीने २०२४ च्या मार्चमध्ये `--cref` आणलं, पुढच्या वर्षी नव्या व्हर्जनसाठी `--oref` आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या गुगलच्या ‘नॅनो बनाना’ला चित्र दाखवून ‘हिलाच झाडाखाली बसव’ असं सरळ सांगता येतं. तरीही पान सातवर मुलगी गोरी झाली ती झालीच. का?

कारण तिने पान एकचं चित्र छान आलं म्हणून पान दोनसाठी ते दिलं. दोनचं तीनसाठी, तीनचं चारसाठी. झेरॉक्सची झेरॉक्स! प्रत्येक पानावरचा बदल इतका बारीक होता की शेजारच्या दोन पानांत फरक दिसेना. पान एक आणि पान सात एकाखाली एक ठेवल्यावर मात्र दोघी चुलत बहिणी वाटत होत्या. तेव्हा नवा नियम झाला : प्रत्येक पान थेट शीटवरून. पानावरून पान काढायचं नाही. सात पानं रद्द झाली. त्या संध्याकाळी तिचा मूड बघून मी बिल गुपचूप भरलं.

रंगासाठी तिने जी टेस्ट शोधली ती मला जाम आवडली. चित्राच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये ड्रॉपरचं चिन्ह असतं. ते गालावर टेकवलं की रंगाचा कोड दिसतो. शीटवर गालाचा कोड होता `#9C6644`. पान सातवर निघाला `#C99B76`. म्हणजे बरीच उजळ. पण थांबा, दिव्याखाली रंग उजळ आणि संध्याकाळी गडद दिसणारच ना? म्हणून ती दुसरा ठिपका रेनकोटवर टेकवायची. गाल आणि रेनकोट दोन्ही सारखेच उजळले असतील तर तो उजेडाचा परिणाम, चित्र पास. रेनकोट होता तसाच आणि गाल तेवढा उजळला असेल तर मुलगीच बदललीय, चित्र नापास. एक्सेलमध्ये १९ ओळी, केस, दात, गाल, रेनकोट असे कॉलम आणि लाल-हिरवे खाने. ऑफिस सुटलं तरी ऑफिस सुटत नाही, ते असं!

सगळ्यात जास्त लाल खाने आले ते लांबून दिसणाऱ्या चित्रांत. अख्खी गल्ली, पाणीपुरीची गाडी, पाऊस आणि कोपऱ्यात एवढीशी मुलगी. चेहऱ्याच्या वाट्याला मोजकेच पिक्सेल येतात, त्यात दातांतली फट कुठून मावणार? तिथे चेहरा म्हणजे नुसता चिखल. उपाय वेळखाऊ पण पक्का आहे. तेवढा चौकोन कापायचा, मोठा करायचा, शीट दाखवून फक्त चेहरा पुन्हा काढून घ्यायचा, लहान करून जागेवर चिकटवायचा. गल्लीला धक्का लावायचा नाही. आजीबरोबरच्या पानावर तर दोघींचे गुण एकमेकींत मिसळायला लागले, आजीला दोन पोनी आल्या! मग दोघी वेगवेगळ्या काढून एका चित्रात बसवल्या.

मॉडेललाच ही मुलगी शिकवायची असाही एक मार्ग आहे, त्याला ‘लोरा’ म्हणतात. वीसेक चित्रं देऊन छोटं ट्रेनिंग करायचं. तिने ते करून बघितलं. पण तिच्या वीस चित्रांपैकी सतरांत मुलगी रेनकोटमध्ये होती. मॉडेल रेनकोटालाच मुलीचा भाग समजलं. शेवटच्या पानावर ती अंथरुणात झोपलीय, तर तिथेही रेनकोट घालून. शंभर पानांची सीरिज करायची असेल तर वेगवेगळ्या कपड्यांतली चित्रं जमवून हा मार्ग धरावा. १९ पानांना शीट पुरते.

वाढदिवसाच्या आठवडाभर आधी सगळे खाने हिरवे झाले. फाइल प्रिंटिंगला जाणार, त्याच्या आदल्या रात्री बाथरूममधून जोरात हाक आली. समोरचा दात पडला होता. फटीच्या डाव्या बाजूचा.

लेक तळहातावर दात घेऊन आली आणि म्हणाली, ‘आता पुस्तकातला पण काढ.’

१९ पानं, रात्रीचे दहा. आईने स्पष्ट नकार दिला. मग तह झाला. फक्त शेवटच्या पानावर काढायचा. त्या पानाचा तोंडाचा भाग पुन्हा काढला, एक्सेलमधला ‘दात’चा खाना लाल झाला आणि तिने तो तसाच ठेवला.

आता पुस्तक बघायला येणाऱ्या प्रत्येकाला हिरॉइन स्वतः समजावून सांगते, ‘छत्री शोधताना पडला.’