कोहळा, लिंबू आणि मिटलेली पुस्तकं

नवमीला बंगळुरूच्या गॅरेजमध्ये पान्हे, जॅक, हातोड्या धुऊन-पुसून ओळीने मांडल्या जातात. प्रत्येकावर हळद-कुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल. आपल्याकडची खंडेनवमी तिथे आयुधपूजा होते. रिक्षांना केळीचे खुंट बांधतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गाडी पुढे घेऊन ते चिरडतात.

खरा कार्यक्रम कोहळ्याचा. त्याच्या डोक्याची चकती कापून आत कुंकू भरतात, वर कापूर पेटवतात, गाडीवरून ओवाळतात आणि रस्त्यावर आपटून फोडतात. दृष्ट गेली, पण बुळबुळीत गर मागे उरतो. अंधारात त्यावरून दुचाकी हमखास घसरते, म्हणून फोडी लगेच कडेला सारायच्या. हे भान मात्र सगळ्यांना नसतं.

केरळात पुस्तकांचा मान मोठा. अष्टमीच्या संध्याकाळी ती सरस्वतीपुढे ठेवली की नवमीभर अभ्यास बंद. मुलांना याहून लाडका नियम कोणता असणार! विजयादशमीच्या सकाळी पूजा झाल्यावर पुस्तकं परत मिळतात, तेव्हा प्रत्येकाने थोडं तरी वाचायचं असतं. त्याच दिवशी लहानग्यांचं बोट धरून ताटातल्या तांदळावर पहिली अक्षरं गिरवून घेतात.