लेस आवळल्यावर कळतं!

सूट शिवायला टाकताना कापडावर तासभर खल होतो. बुटांची खरेदी मात्र ‘काळे, लेसवाले दाखवा’ एवढ्यावर उरकते. वास्तविक लेसवाल्या बुटांत दोन घराणी आहेत, आणि फरक आहे तो केवळ एका शिवणीचा.

लेस ओवायची भोकं ज्या दोन पट्ट्यांवर असतात, त्या ऑक्सफर्डमध्ये बुटाच्या पुढच्या चामड्याखाली शिवलेल्या असतात. लेस पूर्ण काढली तरी त्या तळाशी बांधलेल्याच राहतात. डर्बीत याच पट्ट्या पुढच्या चामड्यावर बसवलेल्या असतात, त्यामुळे लेस सोडली की दोन्ही बाजू दाराच्या झडपांसारख्या उघडतात. वॉटर्लूच्या लढाईतले प्रशियाचे सेनापती ब्लूशर यांचं नाव याच उघड्या घराण्यातल्या बुटाला मिळालं आहे. चामड्यावरच्या बारीक भोकांच्या नक्षीला ब्रोग म्हणतात. ती दोन्हींवर असू शकते, आणि ती जितकी जास्त तितका बूट कमी औपचारिक.

शिवण आत दडल्याने ऑक्सफर्ड सपाट, नेटका दिसतो. म्हणून टक्सिडो, रिसेप्शनचा गडद सूट, बँकेतली मुलाखत अशा ठिकाणी काळा, बिननक्षीचा ऑक्सफर्ड हवा. तपकिरी डर्बी ब्लेझर, ट्वीड किंवा सुती पँटवर शोभतो. जीन्सवर चकचकीत काळा ऑक्सफर्ड मात्र उपरा वाटतो.

पण नियमापेक्षा पाय मोठा. समजा, नवरदेवाच्या भावाला नेव्ही ब्लू सुटावर ऑक्सफर्ड घ्यायचा आहे. पंजा रुंद, पायाची वरची बाजू उंच. लेस बांधून तो उभा राहतो, तेव्हा दोन्ही पट्ट्यांत अर्ध्या सेंटिमीटरची फट राहिली तर ठीक. वर रुंद, खाली निमुळती अशी मोठी फट पडली, तर बूट त्याच्या पायाचा नव्हे. मोठा नंबर घेतला की टाच सुटते, आणि फट तरीही उरते. उलट पट्ट्या पहिल्याच दिवशी एकमेकींना भिडल्या, तर चामडं सैल झाल्यावर आवळायला जागाच राहत नाही. अशा पायाला काळा, साधा, पातळ सोलचा डर्बी घ्यावा. सुटाखाली तो सहज खपून जातो.

लोफरला लेसच नाही, म्हणजे पाय धरायचं सगळं काम मापावर. चालताना टाच निसटत असेल तर तो तिथेच परत करावा. वापरून तो आणखी सैलच होणार. अमेरिकेतल्या जी. एच. बास कंपनीने 1936 मध्ये आणलेला ‘वीजन’ हा मुळात फुरसतीचा जोडा. पुढे तिथल्या वकिलांनी गोंडेवाला लोफर सुटावर चढवला. तरीही टक्सिडो आणि मुलाखतीपासून लोफर दूरच बरा. लिननचा सूट किंवा ब्लेझर ही त्याची हक्काची जागा.

एकच जोड घ्यायचा असेल तर काळा ऑक्सफर्ड घ्यावा, फट रुंद पडली तर काळा डर्बी. आणि खरेदीला संध्याकाळी जावं, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात.