मनाचा प्रयोग, वर्गातला – भाग ५ : बारा मिनिटांची फेरी आणि एक सही

गेल्या भागात प्रश्न लहान कसा करायचा ते पाहिलं. ‘मोबाइलमुळे तरुणाई दुःखी झाली आहे का?’ असल्या आभाळाएवढ्या प्रश्नाला चार तासिका पुरत नाहीत, चार वर्षंही पुरणार नाहीत. या भागात चार तासिकांत बसेल असा एक प्रश्न घेऊ : बारा मिनिटं नुसतं चालून आल्यावर माणसाला बरं वाटतं का?

प्रश्न उसना आहे. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या जेफ्री मिलर आणि झ्लाटान क्रिझान यांनी २०१६ मध्ये तो विद्यार्थ्यांवर तपासला. त्यांना व्यायामात रस नव्हता, सहज घडणाऱ्या चालण्यात होता. म्हणून आपण चालण्याचा परिणाम मोजतोय हे त्यांनी सहभागींना कळू दिलं नाही. अभ्यास दुसऱ्याच कशाचा तरी आहे असं सांगितलं आणि चालणं त्यात आपसूक आलं. बसून राहिलेल्यांपेक्षा चाललेल्यांची मनःस्थिती चांगली निघाली.

हा प्रयोग वर्गासाठी मी निवडतो तो त्यातल्या अडचणीमुळे. ‘चालल्यावर बरं वाटतं का ते बघतोय’ असं सांगून टाकलं तर भला विद्यार्थी परत येऊन सरांना हवं तेच लिहील. आणि सांगितलं नाही, तर त्याने कागदावर केलेल्या सहीला अर्थ काय? पुढच्या चारही तासिका या पेचाभोवती फिरतात.

पहिल्या तासिकेत आराखडा. चाळीस सहभागी, दोन गट. एक गट आवारातल्या ठरलेल्या वाटेने बारा मिनिटं चालतो, दुसरा तितकाच वेळ एका खोलीत बसतो. दोघांनाही मोबाइल नाही आणि गप्पा नाहीत. बसणाऱ्यांच्या हातात मोबाइल राहिला तर तुलना चालणं आणि बसणं यांची उरत नाही, चालणं आणि रील्स यांची होते. चालणाऱ्यांना मिनिटा-मिनिटाच्या अंतराने एकेकटं सोडायचं. मैत्रिणी जोडीने निघाल्या की तुम्ही गप्पांचा परिणाम मोजलात असं समजा. बसणाऱ्यांची बारा मिनिटंही प्रत्येकाच्या स्वतःच्या सुरुवातीपासून मोजायची. दोन्ही गट एकाच सकाळी, एकाच सुमारास घ्यायचे. चंद्रपुरात एप्रिलच्या दुपारी हा प्रयोग केलात तर निष्कर्ष उन्हाबद्दल निघेल.

गट चिठ्ठ्यांनी पाडायचे. वीस चिठ्ठ्यांवर ‘अ’, विसांवर ‘ब’, प्रत्येकीवर वेगळा क्रमांक, सगळ्या एका डब्यात. ‘पुढच्या बाकांवरचे चालतील, मागचे बसतील’ ही सोय फसवी आहे, कारण पुढच्या बाकांवर कोण बसतं हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं.

मोजमाप एका कागदावर. वॉटसन, क्लार्क आणि टेलेगन यांची १९८८ ची वीस शब्दांची प्रश्नावली या क्षेत्रात फार वापरली जाते. तिच्यातून एक गोष्ट उचलायची : सुखद आणि दुःखद भावना एकाच पट्टीची दोन टोकं मानायच्या नाहीत, वेगवेगळ्या मोजायच्या. आपल्याला आठ शब्द पुरतील. ‘या क्षणी किती वाटतंय?’ असं विचारून उत्साह, तरतरी, प्रसन्नपणा, समाधान आणि चिडचिड, कंटाळा, अस्वस्थता, उदासी यांपुढे १ ते ५ आकडे. हाच कागद आधी एकदा, नंतर एकदा. ‘या क्षणी’ हे शब्द जाड ठशात हवेत, नाहीतर मुलं आठवड्याचा हिशेब मांडतात.

दुसरी तासिका संमतीची, आणि तिच्यासाठी वेळ हात राखून देऊ नका. आपल्याकडे संमतीपत्र बहुधा हजेरीपटासारखं फिरतं. सर समोर उभे, अंतर्गत गुण सरांच्या हाती, शेजारणीने सही केलेली. अशा खोलीत ‘सहभाग ऐच्छिक आहे’ हे वाक्य कुणी खरं मानत नाही. म्हणून सहभागी स्वतःच्या वर्गातले घ्यायचे नाहीत, दुसऱ्या विभागातले घ्यायचे. कागद विद्यार्थ्यांनीच वाटायचे आणि शिक्षकाने बाहेर थांबायचं. सही प्रयोगाच्या आदल्या दिवशी घ्यायची. कागद सगळ्यांनी घडी घालून पेटीत टाकायचे, नको असेल त्याने कोराच टाकायचा. म्हणजे नकार देताना कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि विचार करायला एक रात्र मिळते.

कागदावरचा मजकूर मी साधारण असा लिहून देतो :

‘आम्ही तृतीय वर्षाचे मानसशास्त्राचे विद्यार्थी दैनंदिन मनःस्थितीविषयी एक वर्गप्रयोग करत आहोत. तुम्हाला एक छोटा कागद दोनदा भरावा लागेल. मधली बारा मिनिटं तुम्ही आवारात एकटे चालाल किंवा खोलीत शांत बसाल, ते चिठ्ठीवर ठरेल. त्या वेळात मोबाइल आमच्याकडे राहील. एकूण अर्धा तास लागेल. गुडघ्याचा, दम्याचा किंवा असा काही त्रास असेल, तर सहभागी होऊ नका. कारण सांगायची गरज नाही. प्रयोगाचा नेमका उद्देश आम्ही शेवटी सांगू, कारण आधी सांगितल्यास उत्तरांवर परिणाम होतो. मधेच थांबलात तरी चालेल. तुमचं नाव उत्तराच्या कागदावर नसेल, फक्त चिठ्ठीचा क्रमांक असेल. चिठ्ठी जपून ठेवा. शनिवारपर्यंत तो क्रमांक कळवलात तर तुमचा कागद आम्ही फाडून टाकू. सहभागी झाल्याने किंवा न झाल्याने हजेरी-गुणांत फरक पडणार नाही.’

पेच सोडवणारं वाक्य यात आहे : उद्देश शेवटी सांगू. काहीतरी राखून ठेवलंय हे आपण लपवत नाही. मिलर-क्रिझान यांच्यासारखं दुसरंच कारण पुढे करणं हा एक टप्पा पुढचा प्रकार आहे. त्याला समितीची परवानगी आणि अनुभवी हात लागतात, वर्गप्रयोगात तो नको. मौन आणि थाप यांच्यातली रेघ मुलांना दाखवायची तर एकच प्रश्न विचारायला लावा : राखून ठेवलेली गोष्ट आधी कळली असती, तर हा माणूस नाही म्हणाला असता का? ‘चालण्याचा परिणाम बघतोय’ हे कळून कुणी नाही म्हणणार नाही. ‘मोबाइल काढून घेऊ’ हे कळून काहीजण नक्की म्हणतील. म्हणून पहिली गोष्ट राखून ठेवता येते, दुसरी नाही.

इथे फेसबुकचं उदाहरण वर्गात चांगलं रंगतं. जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडाभर ६,८९,००३ जणांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी मजकुराच्या पोस्ट कमी करून त्यांच्या स्वतःच्या लिखाणात काय फरक पडतो ते पाहिलं गेलं. फरक नगण्य म्हणावा इतका लहान होता. पण २०१४ मध्ये निबंध छापून आल्यावर गदारोळ झाला तो संमतीवरून. खातं उघडताना वापराच्या अटी मान्य केल्या होत्या, तीच संमती, असा बचाव होता. निबंध छापणाऱ्या नियतकालिकालाच पुढे संपादकीय चिंता व्यक्त करावी लागली. वरचा प्रश्न या प्रयोगाला लावून पाहा, मुलांमध्ये दोन तट पडतील. पडू द्या.

कोणती भावना मुद्दाम जागवायची नाही, हेही याच तासिकेत ठरवायचं. दरवर्षी कुणीतरी ‘सर्वांत दुःखद आठवण लिहा’ असं सुचवतं. वीस जणांच्या वर्गात नुकतेच वडील गेलेली मुलगी असू शकते, हे लक्षात घेऊन मी तो प्रस्ताव तिथेच थांबवतो. १९२४ मध्ये कार्नी लँडिस याने चेहऱ्यावरचे भाव टिपण्यासाठी लोकांना जिवंत उंदराचं मुंडकं कापायला सांगितलं होतं. ज्यांनी नकार दिला त्यांच्या समोर त्याने स्वतः ते कापलं. सहभागींत तेरा वर्षांचा एक मुलगाही होता. इतकं करून प्रत्येक भावनेचा ठरावीक चेहरा काही सापडला नाही. आपला प्रयोग निरुपद्रवी असला तरी कागदावर ‘उदासी’पुढे ५ लिहिणारं कुणी भेटू शकतं, म्हणून निघताना प्रत्येकाला महाविद्यालयाच्या समुपदेशकाची वेळ आणि टेलि-मानसचा मोफत क्रमांक १४४१६ असलेली पट्टी द्यावी. सगळ्यांना द्यावी, निवडून नव्हे.

आणखी दोन अटी. प्रथम वर्षात अठरा पूर्ण न झालेली मुलं असतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे त्यांच्यासाठी पालकांची संमती आणि त्यांचा स्वतःचा होकार दोन्ही लागतात, त्यामुळे सरळ अठरावरचेच घ्या. आणि हा प्रयोग ‘आविष्कार’ला न्यायचा किंवा कुठे छापायचा मनसुबा असेल, तर महाविद्यालयाच्या नैतिकता समितीकडे आधी जा. माहिती गोळा झाल्यावर मागच्या तारखेची परवानगी मिळत नसते.

तिसरी तासिका प्रत्यक्ष प्रयोगाची, आणि तिच्यात सांगण्यासारखं फार नाही. दोन्ही गटांना सूचना एकाच कागदावरून, एकाच सुरात वाचून दाखवा. ‘जा, मस्त फिरून या’ असं कुणी हसत म्हणालं की प्रयोग हातचा गेला.

चौथ्या तासिकेत हिशेब. समजा चार सुखद शब्दांची सरासरी चालणाऱ्यांची २.९ वरून ३.४ वर गेली आणि बसणाऱ्यांची ३.० वरून २.९ वर आली. म्हणजे बदलांतला फरक ०.६. प्रत्येकाचा बदल सारखा नसतो. त्या बदलांचं प्रमाण विचलन ०.८ धरलं, तर वीस-वीसच्या दोन गटांत या फरकाची प्रमाण त्रुटी साधारण ०.२५ येते. खरा फरक मग ०.१ पासून १.१ पर्यंत कुठेही असू शकतो. दिशा कळली, आकार मात्र जवळपास अंधारातच राहिला. मानसशास्त्रात ज्याला मध्यम म्हणतात, म्हणजे प्रमाण विचलनाच्या निम्मा परिणाम, तो असलाच तर पाचांत चार वेळा पकडण्यासाठी प्रत्येक गटात ६४ जण लागतात. चाळीस जणांत काहीच सापडलं नाही तर ‘चालण्याचा उपयोग नाही’ असं जर्नलात लिहायचं नाही.

दुःखद शब्दांच्या रकान्यात बहुधा काहीच हलणार नाही. कागद उलगडून पाहा. सकाळी बहुतेकांनी आधीच १ लिहिलेला असतो, आणि १ च्या खाली जायला जागाच नाही. हा दोष चालण्याचा नाही, पट्टीचा आहे.

उद्देश सांगण्याआधी मात्र एक प्रश्न : ‘आम्ही काय शोधत होतो असं तुम्हाला वाटतं?’ हा प्रयोगाच्या दिवशीच, दुसरा कागद भरून झाल्यावर लगेच, लेखी विचारा. ज्यांनी ओळखलं त्यांना बाजूला ठेवून पुन्हा सरासरी काढा. फरक ०.६ वरून ०.२ वर आला, तर आपण मनःस्थितीपेक्षा भलेपणा जास्त मोजला होता. मग उद्देश सांगा, का राखून ठेवला ते सांगा आणि शनिवारची आठवण करून द्या. शनिवारी आलेल्या क्रमांकांचे कागद खरंच फाडा, आणि सरासरी पुन्हा काढा. इतक्या मेहनतीनंतर तीन कागद कमी झाले की मुलं कुरकुरतात, ‘सर, तेवढे राहू दे ना.’ राहू द्यायचे नाहीत.

(पुढच्या भागात : हाच प्रयोग वसतिगृहात आठवडाभर, रोज रात्री एका ओळीच्या नोंदीने. गट न पाडता काय कळतं आणि काय कळत नाही.)